क्वांटम संगणकाला ‘अतिवेगवान’ म्हणावे का?

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात नववी-दहावीच्या मुलांसमोर क्वांटम संगणकावर बोलायचे आहे. मसुद्यात मी ‘अतिवेगवान संगणक’ असे लिहिले होते, पण एका सहकाऱ्यांनी ते चुकीचे ठरवले. मग कोणता शब्द वापरू? आणि ‘सुपरपोझिशन’ला मराठीत काय म्हणतात?

उत्तर: तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. ‘वेगवान’ हे यंत्राचे विशेषण आहे. वेगवान यंत्र तेच काम, त्याच पायऱ्यांनी, कमी वेळात करते. या अर्थाने वेगवान संगणक तुमच्या मुलांना जवळच दाखवता येईल. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ तयार केला, तो महासंगणक होता. त्यात अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामाला जुंपलेले होते, पण प्रत्येकाची हिशेबाची रीत तुमच्या-आमच्या संगणकाचीच होती.

क्वांटम संगणकाचे उलट आहे. त्याची एकेक पायरी साध्या संगणकापेक्षा संथ असते. घरातल्या संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला साधारण तीन अब्ज ठोके देतो, म्हणजे एका नॅनोसेकंदात तीन. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे सर्वांत लहान एकक. अतिसंवाहक परिपथांच्या क्यूबिटवर एक क्रिया करायला दहा-वीसपासून शंभर-दोनशे नॅनोसेकंद लागतात. शिवाय त्या क्रिया चुकतात, आणि चुका दुरुस्त करत पुढे जायचे तर वेग आणखी उतरतो. तरीही काही ठरावीक कामे तो लवकर उरकू शकतो, कारण त्या कामांसाठी त्याला पायऱ्याच फार कमी लागतात. म्हणून मसुद्यात ‘वेगवान’ऐवजी ‘काही कामे कमी पायऱ्यांत करणारा संगणक’ असे लिहा. लांबलचक वाटेल, पण खरे आहे.

‘सुपरपोझिशन’साठी मराठीत ‘अध्यारोपण’ हा शब्द रूढ आहे. तो जरूर वापरा. मात्र त्याच्यामागोमाग जे वाक्य हमखास येते ते टाळा: ‘क्यूबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही, त्यामुळे हा संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो.’ हे ऐकून मुले क्वांटम संगणक म्हणजे असंख्य प्रोसेसरांचा ‘परम’ अशी समजूत करून घेतात. सगळी उत्तरे एकदम मांडता येतात हे खरे, पण वाचताना हाती एकच लागते, आणि तेही कोणते ते संभाव्यतेवर. नुसत्या अध्यारोपणाने काहीच साधत नाही. खरे काम करणारा शब्द दुसरा आहे: व्यतिकरण. प्रकाशाच्या धड्यात एकमेकांना वाढवणाऱ्या आणि पुसून टाकणाऱ्या लहरींसाठी वापरतात तोच.

हे फळ्यावर, बेरीज-वजाबाकीच्या बळावर दाखवता येते. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधाची रीत घ्या. ग्रोव्हर हे आयआयटी दिल्लीचे माजी विद्यार्थी, आणि ही रीत त्यांनी बेल लॅब्जमध्ये असताना शोधली. ००, ०१, १० आणि ११ अशा चार शक्यता आहेत. एक तपासनीस प्रोग्राम यांतल्या एकीलाच ‘हो’ म्हणतो. ती कोणती, हे शोधायचे. साध्या संगणकाने एकेक शक्यता विचारली तर नशीब फळफळल्यास पहिल्या फटक्यात सापडेल, नाहीतर तीनदा विचारावे लागेल. तीन ‘नाही’ आल्या की चौथी आपोआप कळते. सरासरी काढली तर सव्वादोन वेळा.

आता दोन क्यूबिट घ्या आणि फळ्यावर चार उभ्या रेघा काढा, प्रत्येकीची उंची अर्धा. या उंचीला आयाम म्हणू. आयामाचा वर्ग म्हणजे ते उत्तर वाचले जाण्याची संभाव्यता. अर्ध्याचा वर्ग पाव, म्हणजे चारही उत्तरांना समान संधी. हे झाले अध्यारोपण. आत्ताच वाचले तर चिठ्ठ्या टाकून उत्तर काढल्यासारखेच होईल.

पहिली पायरी: तपासनीस एकदा चालवायचा. ज्या शक्यतेला तो ‘हो’ म्हणतो तिच्या आयामाचे चिन्ह उलटते. समजा ती १० आहे. तिची रेघ पुसून खडूने खालच्या बाजूला काढा, म्हणजे उणे अर्धा. इथे थांबून मुलांना विचारा, ‘आता वाचले तर काय मिळेल?’ उणे अर्ध्याचा वर्गही पावच! चौघींची संधी अजून सारखीच आहे. खूण केली गेली आहे, पण ती वाचून दिसत नाही. माझ्या मते संपूर्ण भाषणातली सर्वांत मोलाची जागा हीच आहे, इथे घाई करू नका. संभाव्यता कधी ऋण नसते. आयाम मात्र ऋण असू शकतो, आणि साध्या संगणकाजवळ नसलेली गोष्ट ती हीच.

दुसरी पायरी: चारही आयामांची सरासरी काढा. तीन अर्धे आणि एक उणे अर्धा, बेरीज एक, सरासरी पाव. आता प्रत्येक आयाम सरासरीभोवती उलटवायचा, म्हणजे सरासरीच्या दुपटीतून तो आयाम वजा करायचा. दुप्पट झाली अर्धा. तिघींचे अर्ध्यातून अर्धा गेले, उरले शून्य. खूण केलेलीचे अर्ध्यातून उणे अर्धा वजा, म्हणजे पूर्ण एक. एकाचा वर्ग एक. आता वाचले की १० हेच उत्तर येणार, आणि तपासनीस चालला फक्त एकदा. यंत्र प्रत्यक्षात सरासरी काढत बसत नाही. उत्तर कोणतेही असो, क्यूबिटांवर ठरलेल्या त्याच क्रिया केल्या की हा परिणाम आपोआप होतो.

इथे एखादे चौकस मूल विचारीलच, ‘उत्तर आधी माहीत असल्याशिवाय चिन्ह कोणाचे उलटायचे ते कसे ठरवले?’ ओळखणे आणि माहीत असणे यांत फरक आहे. भरलेला सुडोकू बरोबर आहे की नाही हे तपासायला तो सोडवता यावा लागत नाही. तपासनीस तसा आहे: समोर आलेली शक्यता नियमात बसते का, एवढेच पाहतो.

चार रेघांचा हिशेब जमला की मुलांकडून एक गोष्ट जरूर करून घ्या. तेच दोन्ही टप्पे पुन्हा एकदा करायला सांगा. एकाचे उणे एक होते, बाकी तीन शून्य, सरासरी उणे पाव, तिची दुप्पट उणे अर्धा. तिघींचे होतात उणे अर्धा आणि खूण केलेलीचे अर्धा. वर्ग करून पाहा, पुन्हा चौघींना पाव-पाव! हाती आलेले उत्तर जास्त काम केल्याने निसटले. आठ शक्यता घेतल्या तरी हेच दिसते: बरोबर उत्तर वाचले जाण्याची संभाव्यता पहिल्या फेरीनंतर सुमारे ७८ टक्के, दुसरीनंतर सुमारे ९५ टक्के आणि तिसरीनंतर घसरून ३३ टक्के. आकडेमोड सोपी हवी असेल तर प्रत्येक आयाम १ धरून सुरुवात करा आणि शेवटी वर्गाला आठाने भागा. किती फेऱ्यांवर थांबायचे हे आधी हिशेब करून ठरवावे लागते, आणि यंत्र आणखी पळवून काही फायदा नाही. ‘वेगवान’ हा शब्द इथे अगदी गैरलागू ठरतो.

आता मोठा आकडा घेऊ. दहा लाख शक्यता असतील तर साध्या संगणकाला सरासरी पाच लाख वेळा विचारावे लागते. ग्रोव्हरच्या रीतीला सुमारे ७८५ फेऱ्या पुरतात, कारण फेऱ्या शक्यतांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतात. पायऱ्या सहाशे पटींहून अधिक घटल्या. पण क्वांटम यंत्राची एकेक फेरी हजार पट संथ असेल तर? मग दहा लाखांवर साधा संगणकच जिंकतो. एक लाख कोटी शक्यता घ्या. साधा संगणक सरासरी ५० हजार कोटी वेळा विचारील, क्वांटमला सुमारे ७ लाख ८५ हजार फेऱ्या लागतील. इथे हजार पट संथपणा पदरात घेऊनही क्वांटम पुढे जातो. म्हणजे कोण लवकर हे यंत्राकडे पाहून सांगता येत नाही. काम कोणते आणि केवढे, ते आधी विचारावे लागते.

एक अडचण मुलांना आवर्जून सांगा, कारण ती बहुतेक ठिकाणी गाळली जाते. ही रीत नावांच्या यादीत नाव शोधायला उपयोगी नाही. दहा लाख नावांची यादी यंत्रात भरायची तर ती भरतानाच दहा लाख पायऱ्या खर्ची पडतात, मग ७८५ फेऱ्यांचे काय घेऊन बसलात! नियम थोडक्यात लिहून देता येतो आणि शक्यता मात्र अफाट असतात, अशाच जागी तिचा उपयोग. शिवाय अशा आंधळ्या शोधात वर्गमूळाहून अधिक बचत कोणत्याही क्वांटम रीतीने होत नाही, हे सिद्ध झालेले आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या कामात, पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने, बचत याहून कितीतरी मोठी आहे. पण तिथे संख्यांमध्ये दडलेल्या आवर्तनाचा फायदा घेतलेला असतो, तसे आवर्तन प्रत्येक कामात सापडत नाही. चित्रफीत पाहणे, पत्र टंकणे, गुणपत्रिकेची बेरीज यांत क्वांटम संगणकाकडून काही मिळायचे नाही.

राहता राहिला नावाचा प्रश्न. परिभाषेत क्वांटमला ‘पुंज’ म्हणतात आणि ‘पुंजयामिकी’ हा शब्द स्थिर आहे. तरी मुलांसमोर मी ‘क्वांटम संगणक’ आणि ‘क्यूबिट’च म्हणेन, कारण हेच शब्द त्यांच्या कानावर पडतात. पाषाणच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे, त्याच्या नावातही क्वांटमच आहे. ‘अध्यारोपण’ आणि ‘व्यतिकरण’ मात्र मराठीतच ठेवा. भाषणाला शीर्षक हवे असेल तर ‘क्वांटम संगणक: वेग नव्हे, रीत वेगळी’ असे द्या, आणि अर्ध्या तासातली निदान पंधरा मिनिटे त्या चार रेघांसाठी राखून ठेवा.