नवरात्रीच्या नऊ दिवस आधी गेलेली स्टायलिस्ट

प्रश्न: माझ्या सलूनमधली सगळ्यात चांगली हेअर स्टायलिस्ट सोडून स्वतःचं सुरू करणार असं कानावर आलंय. क्लायंटही नेईल. नोटीस पिरियड कडक केला आणि इन्सेंटिव्ह वाढवला तर थांबेल का?

मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजारातलं, सलून अलकापुरीत. नोटीस कडक करून कुणी थांबत नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरात या विषयावर दोन दिवाळ्या अबोला होता, त्यामुळे उत्तर लांबणार.

आमच्याकडे एक मुलगी होती. सहा वर्षं होती. शाम्पू करायला आली आणि बघता बघता ग्लोबल, हायलाइट्स, केराटिन सगळं तिच्याच खुर्चीवर होऊ लागलं. जीएसटी सोडून तिचं महिन्याचं काम दोन लाख वीस हजारांच्या आसपास. पगार 28,000. एक लाखावरच्या कामावर पाच टक्के, म्हणजे सहा हजार. हातात 34,000. हे गणित माझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी बसवलेलं. सलूनमध्ये सुरुवातीचा पैसा त्यांचा होता. तिने दोनदा वाढवून मागितलं. भाऊजी म्हणाले, "नोकराला टक्केवारीची चटक लागली की तो भागीदार समजायला लागतो." त्याऐवजी त्यांनी तिच्याकडून बाँड लिहून घेतला. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडल्यास तीन लाख, बडोद्यात एक वर्ष दुसरीकडे काम करायचं नाही. वर तिचं कोर्सचं मूळ सर्टिफिकेट कपाटात ठेवून घेतलं. मी गप्प बसले, ही माझी चूक.

खुणा दिसत होत्या. रंगाची कार्डं अर्धवट भरलेली सापडायची, शेड लिहिलेली पण डेव्हलपर किती व्हॉल्यूमचा ते कोरं. क्लायंट सलूनच्या फोनवर न येता थेट तिला मेसेज करून वेळ ठरवून यायच्या. मंगळवारी, बुधवारी, म्हणजे बरोब्बर मंदीच्या वारी, सुट्ट्या. शेवटी बातमी दिली ती प्रॉडक्टवाल्या डिस्ट्रिब्युटरच्या माणसाने: "बेन, तुमच्याकडच्या मुलीने दोन खुर्च्या आणि एक वॉश बेसिन विचारलंय." या धंद्यात कोण कुठे खुर्ची टाकतंय ते मालकाच्या आधी डिस्ट्रिब्युटरला कळतं. त्याच्याशी चहापाण्याचे संबंध ठेवा.

आणि मग नवरात्रीच्या नऊ दिवस आधी ती आलीच नाही. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय ते इथल्या सलूनवालीलाच कळतं. त्या पंधरवड्यात आम्ही रात्री दहापर्यंत उभ्या असतो. जी ती आत येऊन विचारायची, "पेली छोकरी क्यां गई?" ती गेली होती जुन्या पादरा रोडला, गाडीने दहा मिनिटांवर.

भाऊजींनी वकिलाची नोटीस पाठवली. तिच्या वकिलाचं उत्तर एका पानाचं होतं. भारतीय करार कायदा 1872, कलम 27 : धंदा करायला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्द. नोकरीवर असताना दुसरीकडे काम करू नकोस, हे अट घालून सांगता येतं आणि कोर्ट ते मानतंही. नोकरी सुटल्यावर मात्र नाही. तीन लाखांचं काय? कलम 74 प्रमाणे आकडा लिहिला म्हणून तो मिळत नाही, त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. आणि दाखवण्यासारखा आमचा खर्च एकच होता, तिला मुंबईला चार दिवसांच्या कलर कोर्सला पाठवलं त्याचे 35,000. तोही दीड वर्षापूर्वीचा. कोर्ट कुणाला हाताला धरून कामावर आणून उभंही करत नाही. सर्टिफिकेट मुकाट्याने परत द्यावं लागलं, ते ठेवून घेणंच मुळात चुकीचं होतं. वकिलाची फी गेली ती वेगळीच.

तिच्या नव्वदएक कायमच्या बायका होत्या. तीन महिन्यांनी त्यातल्या तीस उरल्या. कोण उरलं ते मी रजिस्टर घेऊन बसून पाहिलं, कारण शिकण्यासारखं तिथेच होतं. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियलवाल्या जवळपास सगळ्या राहिल्या, त्यांना घराजवळचं हवं असतं. कटवाल्या अर्ध्या गेल्या. रंगवाल्या बहुतेक गेल्या, कारण त्यांचा फॉर्म्युला तिच्या डोक्यात होता आणि आमच्या कार्डावर नव्हता. राहिलेल्या रंगवाल्यांत दोन प्रकार होते. एक, ज्यांचे पॅकेजचे पैसे आमच्याकडे जमा होते. दुसरा, ज्यांचा ब्लो ड्राय आमची असिस्टंट करायची. त्यांना आणखी एका हाताची ओळख होती, एवढंच.

त्यानंतर मी एक हिशोब मांडला, जो तिच्यासमोर बसून आधीच मांडायला हवा होता. समजा तिच्या निम्म्या बायका गेल्या, म्हणजे काम 1,10,000. दोन खुर्च्यांच्या जागेचं भाडं 25,000, मदतनीस 12,000, प्रॉडक्ट पंधरा टक्क्यांनी 16,500, वीज-पाणी-लाँड्री 6,000, खुर्च्या-बेसिनचा हप्ता 12,000. उरतात 38,500. आमच्याकडच्यापेक्षा साडेचार हजार जास्त, आणि रविवार नाही, आजारपण नाही, गिऱ्हाइकाची कटकट स्वतःची. म्हणजे आम्ही तिला साडेचार हजारांसाठी घालवलं. खरं तर पैशांसाठीही नाही. जुनी ओळखीची म्हणून मी एक क्लायंट तिच्या खुर्चीवरून उठवून स्वतःकडे घेतली होती, ते तिला लागलं होतं, हे नंतर दुसऱ्या मुलीकडून शेव-उसळ खाताना कळलं.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगते. एक लाखापर्यंत नुसता पगार. एक ते दोन लाखांच्या कामावर दहा टक्के, दोन लाखांवर पंधरा. त्याच मुलीला हे लावलं असतं तर दहा हजार अधिक तीन हजार, हातात 41,000. हा इन्सेंटिव्ह पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पूर्ण द्यायचा, यातला रुपया अडवायचा नाही. कमावलेले पैसे अडकवून ठेवले की माणूस त्याच दिवसापासून बाहेर बघायला लागतो, आणि भांडण झालं तर आपणच खोटे पडतो. धरतात काय ते फक्त डिस्काउंटनंतरचं बिल. बिघडलेलं काम पुन्हा केलं तर ते मोजत नाही.

याशिवाय वेगळा, सुरुवातीलाच लिहून दिलेला बोनस : स्वतःच्या कामाच्या दोन टक्के, सहामाही. एक हप्ता भाऊबीजेनंतर, दुसरा एप्रिलअखेर, म्हणजे लग्नं आणि डिसेंबर-जानेवारीत परदेशातून येणाऱ्या मंडळींचा सीझन उरकल्यावर. दोन लाख वीस हजारांवर महिन्याला 4,400, सहा महिन्यांचे 26,400. अट अशी की त्या तारखेला कामावर असावी, किंवा सोडायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस पूर्ण करून कार्डं सोपवावीत. मग तोपर्यंतचा वाटा मिळतो. नोटिशीला दात येतात ते इथे. निघून गेलं तर शिक्षा नाही, पण नीट गेलं तर हातात पैसे आहेत. तीस दिवस दोन्ही बाजूंनी. मला कुणाला काढायचं असेल तर मीही तीस दिवस देते, नाहीतर तितका पगार. नव्वद दिवस लिहू नका. जाणारी मुलगी तीन महिने तुमच्याच खुर्चीशी उभी राहून स्वतःची व्हिजिटिंग कार्डं वाटते.

नोटिशीच्या महिन्यात काय करायचं ते ठरलेलं असावं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक रंगवालीचं कार्ड भरायचं : शेड, डेव्हलपर, किती मिनिटं, पांढरे किती, मागच्या वेळी काय बिनसलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिने रंग लावायचा आणि पुढची मुलगी शेजारी उभी राहून धुणं, टोनर, ब्लो ड्राय करणार. बाईला तोंडावर सांगायचं की ही अमुक तारखेला जातेय. खोटं "सुट्टीवर आहे" सांगितलं तर तिच्या इन्स्टाग्रामवर खरं दिसतंच. वेळ ठरवणं फक्त सलूनच्या नंबरवर, हे मात्र नोटिशीच्या महिन्यात सुरू करून उपयोग नाही, आजच करा.

म्हणून तुम्हाला सांगते, कानावर आलंय तर आज नवा बाँड पुढे करू नका. तो पुढे केलात की ती उद्या जाईल. मंगळवारी दुपारी बाहेर कुठेतरी बसा, वर लिहिला तसा हिशोब तिच्या आकड्यांनी करा आणि सरळ विचारा. जागा ठरवून डिपॉझिट दिलं असेल तर ती थांबणार नाही, मग तारीख ठरवा आणि बोनस द्या. दिलं नसेल तर निम्म्या वेळा थांबते, असा माझा अनुभव.

दोन गोष्टी राहिल्या. दीड लाखाच्या खाली काम करणाऱ्या मुलीला हे लावाल तर तिला वाढ जेमतेम दिसेल, तिथे पगारच बघा. आणि क्लायंटची यादी सलूनची आहे हे करारात जरूर लिहा, पण एखादी बाई स्वतःहून तिला शोधत गेली तर काही करता येत नाही. मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? मी स्वतः जुनं पार्लर सोडताना साठ नंबर वहीत उतरवून आणले होते. त्या मॅडमनी माझा पूर्ण पगार देऊन मला दारापर्यंत सोडलं होतं. त्यांच्याकडे अजून दिवाळीला फराळ नेते.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका मुलीने नोटीस दिली. काम एक लाख साठ हजारांचं, सहा महिन्यांचा बोनस 19,200. तीस दिवस भरले, कार्डं दिली, चेक घेऊन गेली. तिच्या 84 बायकांपैकी तीन महिन्यांनी 51 आमच्याकडे होत्या. भाऊजी म्हणाले, "जाणाऱ्याला कुणी पैसे देतं का?" मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा मोजलं आणि चहा मागितला.

करार वकिलाला दाखवून घ्या. आमच्या भाऊजींच्या वकिलाला नको.