काजूच्या कारखान्यातला खरा नफा

प्रश्न : "वेंगुर्ल्याजवळ घरच्या गाळ्यात काजू प्रक्रिया करतो. सीएने यंदा ४,२०,००० रुपये नफा दाखवला. गोव्यातली २८,००० पगाराची नोकरी सोडली होती. बायकोही कारखान्यात राबते. धंदा फायद्यात आहे असे समजू का?"

सीएंचा आकडा बरोबर आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. एकल मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरत नाहीत. आपण घरखर्चासाठी गल्ल्यातून काढता ती उचल असते. हाच धंदा भागीदारीत असता, तर काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला आणि भांडवलावरील व्याज कायद्याच्या मर्यादेत खर्चात गेले असते आणि तेवढ्याच कामाचा नफा कमी दिसला असता. आर्थिक नफा काढताना पाहायचे ते एवढेच, की आपले श्रम, जागा आणि पैसा इथे गुंतल्यामुळे दुसरीकडची कोणती कमाई बुडाली.

आपल्या वेळेपासून सुरुवात करू. पगार २८,००० असला तरी तिथे खोली आणि जेवणाचा जादा खर्च ६,००० धरला, तर हाती २२,००० उरत. म्हणजे वर्षाला २,६४,०००. वहिनींना गावातल्याच दुसऱ्या कारखान्यात काजूगर सोलून, निवडून महिना ९,००० मिळत असतील, तर १,०८,०००. गाळ्याला ५,००० भाडे देणारा खरोखर कोणी असेल तरच ६०,००० धरावेत. नसेल तर शून्य.

भांडवलात बहुतेकांची चूक होते. समजा, एप्रिल-मेमध्ये आपण स्वतःचे ८ लाख घालून वर्षभराची काजू बी भरून ठेवता. ती महिन्यागणिक फोडली जाते आणि विक्रीचे पैसे परत येतात, त्यामुळे वर्षभरात सरासरी ४ लाखच अडकलेले असतात. मुदत ठेवीचे व्याज ७ टक्के धरले, तर २८,०००. यंत्रे ५ लाखांना घेतली असली तरी आज विकून ३ लाख येणार असतील, तर व्याज त्या ३ लाखांवरच, म्हणजे २१,०००. घसारा आणि बँकेच्या कर्जाचे व्याज हिशेबात आधीच वजा झालेले आहे, ते पुन्हा धरू नये.

गाळ्याचे भाडे धरून बेरीज ४,८१,००० होते. सीएंच्या ४,२०,००० मधून ती वजा केली, की आर्थिक नफा उणे ६१,०००. याचा अर्थ घरात पैसा आला नाही असा नव्हे. दोघांचे श्रम, गाळा आणि पैसा इतरत्र लावला असता तर ६१,००० जास्त आले असते, असा आहे.

मात्र यातला निम्म्याहून मोठा आकडा आपल्या नोकरीचा आहे, म्हणून तो आधी तपासा. ती नोकरी आज परत मिळत नसेल आणि गावात १२,००० चेच काम असेल, तर आपल्या वेळेची किंमत १,४४,००० धरावी लागेल. तसे झाल्यास हाच कारखाना ५९,००० रुपये आर्थिक नफ्यात आहे.