अपठित उताऱ्याचा तास कसा आखावा?

प्रश्न: सातवीची मुलं अपठित उतारा तीन-तीनदा वाचतात, तरी भलतंच वाक्य उतरवतात आणि वेळही पुरत नाही. चाळीस मिनिटांच्या तासाचं नियोजन कसं करू?

उत्तर: पहिली पंचवीस मिनिटं मुलांना उत्तर लिहूच देऊ नका. फक्त उत्तराची ओळ शोधायची आणि प्रश्नासमोर ओळीचा क्रमांक टाकायचा. शोधणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकत्र करायला लावली, की मूल पहिल्या ओळखीच्या शब्दावर थांबतं आणि ते वाक्य उतरवून मोकळं होतं.

सुरुवातीला फळ्यावर चार ओळी लिहा. मी असा उतारा घेतो:

१. वटवाघूळ आंधळं नसतं.
२. पण गडद अंधारात त्याची नजर अपुरी पडते.
३. म्हणून ते उडताना अतिशय उंच पट्टीचा आवाज काढतं.
४. तो समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो, त्यावरून ती किती दूर आहे हे त्याला कळतं.

आता विचारा, 'वटवाघूळ आवाज का काढतं?' बहुतेक मुलं तिसरी ओळ सांगतील, कारण 'आवाज' तिथे आहे. पण त्या ओळीत प्रश्नच पुन्हा आलाय. कारण दुसऱ्या ओळीत आहे आणि तिकडे बोट दाखवतो तो 'म्हणून'. 'का'च्या प्रश्नात 'म्हणून', 'त्यामुळे' दिसलं की एक ओळ मागे जा, 'कारण', 'कारण की' दिसलं की पुढे वाचा, एवढं इथेच पक्कं करून घ्या.

दुसरा प्रश्न, 'अडथळ्याचं अंतर त्याला कसं समजतं?' यातले 'अडथळा' आणि 'अंतर' हे दोन्ही शब्द उताऱ्यात नाहीत. इथे वर्गाला थोडं अडू द्या, घाईने सांगू नका. 'वस्तू' आणि 'किती दूर' पर्यंत मुलं स्वतः पोचली, तर पुढच्या उताऱ्यात ती शब्दाऐवजी अर्थ शोधू लागतात.

मग छापील उतारा द्या, साधारण दीडशे शब्दांचा, पाच प्रश्नांचा. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा एकदा सलग, मग ओळींचे क्रमांक.

उरलेल्या पंधरा मिनिटांत लेखन, तेही घड्याळ लावून. दहा मिनिटं पाच प्रश्नांना, म्हणजे एकाला दोन. दोन मिनिटांत जमलं नाही तर जागा सोडून पुढे जायचं. शीर्षक किंवा 'तुमचं मत' असे प्रश्न शेवटी घ्यायला सांगा, त्यांची उत्तरं एका ओळीत सापडत नाहीत. शेवटची पाच मिनिटं सोडलेल्या जागांसाठी.

वह्या तपासताना ओळीचा क्रमांक आणि उत्तर शेजारी ठेवून बघा. क्रमांकच चुकला असेल तर त्या मुलाला शोधण्याचा सराव हवा. क्रमांक बरोबर आणि उत्तर चुकीचं असेल, तर अडचण वाक्यरचनेत आहे, आणि त्याला आणखी उतारे देऊन काही फरक पडणार नाही.