फॉइलच्या पीआयआर बोर्डाचे वय आणि उष्णतारोध

प्रश्न: फॉइल लावलेला पीआयआर बोर्ड, म्हणजे उष्णता अडवण्यासाठी वापरला जाणारा कडक फोमचा बोर्ड, जुना झाल्यावर त्याची उष्णतारोधकता किती कमी होते?

उत्तर: थोडीच, पण फॉइल शाबूत असेल तर. फोमच्या बंद पेशींत पेंटेनसारखा वायू असतो आणि तो हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो. कालांतराने हवा आत शिरते, पेंटेन हळूहळू बाहेर पडतो आणि वाहकता वाढते. फॉइलमधून वायू जवळपास जातच नाही, त्यामुळे ही देवाणघेवाण मुख्यतः उघड्या कडांतून होते. म्हणूनच अरुंद कापलेली पट्टी अखंड बोर्डापेक्षा लवकर जुनी होते. समजा, ताज्या १०० मिमी बोर्डाची वाहकता ०.०२० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तर रोध, म्हणजे मीटरमधली जाडी भागिले वाहकता, ५.० होतो. ती ०.०२२ झाली की रोध सुमारे ४.५ उरतो. युरोपीय मानकानुसार जाहीर होणाऱ्या आकड्यात वार्धक्याची ही घट आधीच धरलेली असते, तेव्हा ती पुन्हा वजा करू नये.