डिगॉक्सिनवर नाडी नियमित झाली तर

एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाची नाडी डिगॉक्सिनवर एकदम नियमित आणि मंद झाली, तर खूश होऊ नकोस, आधी विषबाधेचा संशय घे. माझ्या एका रुग्ण आजींना दोन दिवस मळमळ होती, नाडी ४४. ईसीजीत पी लहरी नव्हत्या, तरी क्यूआरएस समान अंतरावर: एव्ही नोड पूर्ण अडलेला, खालचं जंक्शन स्वतःच्या तालावर. झोळीसारखा एसटी मात्र फक्त औषध चालू असल्याचं सांगतो.

हे औषध सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं, पेशीत कॅल्शियम वाढतं. आजींचं पोटॅशियम फ्युरोसेमाइडने उतरलं होतं. अशा वेळी डिगॉक्सिन पंपाला जास्त चिकटतं. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम प्रति मिली पुरते, २ च्या वर धोका. पण पोटॅशियम कमी असेल तर त्याआधीही. डोस थांबव, क्रिएटिनिनही बघ.