बिल एका रकमेचं, कार्डावरून कापली दुसरीच, आणि नावही भलतंच?

प्रश्न: वॉशिंग मशीन घेतलं. बिल ₹38,500 चं आहे, पण डेबिट कार्डावरून ₹39,270 गेले आणि स्टेटमेंटवर दुकानाचं नाव दुसरंच दिसतंय. फसवणूक झाली का?

नाव आणि रक्कम या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र केल्या की दुकानदार नावाचा खुलासा देतो आणि रकमेचा विषय मागे पडतो. तुमचे वरचे ₹770 म्हणजे बरोबर दोन टक्के. ते चुकून कापले गेलेले नाहीत.

आमच्याकडे आईसाठी फ्रिज घेतला तेव्हा हेच झालं. बिल ₹46,000, चार्जस्लिप ₹46,920. दुकानदार म्हणाला, "कार्डाला दोन टक्के लागतात, बँक घेते." दाजी सोबत होते. त्यांनी मलाच गप्प केलं, "जाऊ दे रे, त्याला बिचाऱ्याला बँकेला द्यावेच लागतात." दुकानांची खाती लिहिणं हेच माझं काम आहे, त्यामुळे बँक किती घेते हे मला पाठ आहे.

रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर 2017 च्या परिपत्रकानुसार, वर्षाला 20 लाखांवर उलाढाल असलेल्या दुकानाला डेबिट कार्डावर जास्तीत जास्त 0.90 टक्के एमडीआर, म्हणजे बँक दुकानाकडून कापते ते शुल्क, पडतो, तोही एका व्यवहाराला ₹1,000 च्या वर नाही. छोट्या दुकानाला 0.40 टक्के. म्हणजे मोठ्या दुकानालाही ₹46,000 वर ₹414, वर त्याचा जीएसटी. कार्ड रुपे डेबिट असेल तर 1 जानेवारी 2020 पासून शून्य. आईचं रुपेच होतं! बँकेच्या नावावर घेतलेले ₹920 सगळेच्या सगळे दुकानदाराच्या खिशात गेले. शिवाय त्याच परिपत्रकात बँकांना बजावलंय की दुकानदाराने हा खर्च गिऱ्हाईकाकडून वसूल करता कामा नये. दाजी, हे तुम्ही वाचत असाल तर तो बिचारा नव्हता.

मी दुकानात परत जाऊन एवढंच म्हणालो, "920 ची ओळ बिलात घाला, नाहीतर परत द्या." बिलात कुणीच घालत नाही, कारण ती लेखी कबुली होते. त्याने टाळाटाळ केली, तेव्हा तक्रार केली. इथे बहुतेकांचं चुकतं. लोक आपल्या बँकेकडे जातात आणि बँक म्हणते, रक्कम बघूनच तुम्ही पिन टाकलात. ते तिच्या बाजूने खरंही आहे. चार्जस्लिपवर वर जिचं नाव छापलेलं असतं, त्या मशीन देणाऱ्या बँकेला लिहा. बिल आणि स्लिप शेजारी ठेवून काढलेला फोटो जोडा. स्लिपवरचे MID आणि TID नंबर पत्रात घाला, दुकानाचं मशीन त्यावरून सापडतं. स्लिपचा कागद काही महिन्यांत कोरा पडतो, म्हणून फोटो आजच काढा. बँकेचा फोन गेल्यावर दुकानदाराने पैसे निमूटपणे परत केले.

आता नाव. बिलावरचा जीएसटी नंबर gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. दुकान एकाच मालकाचं असेल तर Legal Name of Business खाली त्या माणसाचं नाव येतं आणि पाटीवरचं नाव Trade Name खाली. स्टेटमेंटवरचं नाव यातल्या एकाशी जुळलं तर विषय संपला. आमच्या बाबतीत जुळलं नाही. स्लिपवर एका मोबाइलच्या दुकानाचं नाव होतं, आणि फ्रिजच्या बिलावर पेमेंटच्या रकान्यात चक्क 'कॅश' छापलेलं. म्हणजे कागदावर आम्ही रोख देऊन फ्रिज घेतला आणि कार्डाने मोबाइलच्या दुकानात पैसे भरले. उद्या फ्रिज परत करायची वेळ आली आणि दुकानदार "पैसे मिळालेच नाहीत" म्हणाला, तर स्टेटमेंट दाखवून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून बिल दुरुस्त करून घेतलं. पेमेंट 'कार्ड', स्लिपवरचा RRN हा व्यवहाराचा नंबर, मशीन कोणत्या फर्मचं ते, आणि खाली सही-शिक्का. तुम्हीही हे आधी करून घ्या, पैशांचं नंतर बोला. एकदा भांडण झालं की शिक्का मिळत नाही.

वरचे सगळे आकडे डेबिट कार्डाचे आहेत. क्रेडिट कार्डाला ही मर्यादा नाही, तिथे दुकानाला खरंच जास्त पडतं. तरी घ्यायचेच असतील तर बिलात दाखवून घ्यावेत, हे माझं मत. पेट्रोल पंपावर स्लिपपेक्षा स्टेटमेंटची रक्कम थोडी जास्त दिसते तो क्रेडिट कार्डाचा फ्युएल सरचार्ज, त्यात पंपवाल्याचा दोष नाही. ऑनलाइन खरेदीत दुकानाऐवजी पेमेंट कंपनीचं नाव येऊ शकतं.

आणि खरेदीच केलेली नसेल, तर यातलं काहीच करत बसू नका. कार्ड ब्लॉक करा, सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा आणि तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा. उशीर झाला की नुकसानीचा वाटा तुमच्यावर येऊ शकतो.