लोलकाच्या V̇ मध्ये x1 नाहीच, मग असिम्प्टोटिक स्थिरता कशी काढायची?

प्रश्न: घर्षण असलेल्या लोलकासाठी एकूण ऊर्जा V घेतली. V̇ = −b x2² आलं. त्यात कोन x1 नाहीच, म्हणजे निगेटिव्ह सेमीडेफिनिट. लायपुनोव्हने फक्त स्थिरता मिळते. सगळे म्हणतात "लासाल लाव". x2 = 0 ठेवल्यावर पुढे नेमकं काय करायचं? आणि हे नेहमी चालतं का?

उत्तर:

तोंडी परीक्षेत मी यावर एकदा आपटलो होतो. "V̇ शून्य फक्त वेग शून्य असताना, आणि वेग शून्य म्हणजे लोलक थांबला," असं ठोकून दिलं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "प्रत्येक झोक्याच्या टोकाला वेग शून्यच असतो. मग तो तिथेच लटकत का नाही?" तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. V̇ = 0 असलेल्या जागेवरून लोलक जातो का, हे विचारायचंच नाही. तो तिथे कायमचा राहू शकतो का, हे विचारायचं.

समीकरणं अशी धरू:

```
x1' = x2
x2' = -a sin(x1) - b x2        (a, b > 0)
V   = a (1 - cos x1) + x2²/2
```

V̇ = 0 असलेल्या बिंदूंचा संच E, म्हणजे x2 = 0 ही अख्खी रेषा. आता असं समजा की एक मार्ग सर्वकाळ E मध्येच आहे. मग x2 प्रत्येक क्षणी शून्य आहे, एखाद्याच क्षणी नाही. म्हणून त्याचा डेरिव्हेटिव्हही शून्य. x2' = 0 दुसऱ्या समीकरणात टाकलं की −a sin x1 = 0 उरतं, म्हणजे x1 = 0, ±π, ±2π वगैरे. झोक्याच्या टोकाला x2 = 0 असतं, पण x2' = −a sin x1 शून्य नसतं, त्यामुळे लोलक पुढच्याच क्षणी E सोडतो. तोंडी परीक्षेत मला हे एवढंच सांगायचं होतं.

E मधला सर्वात मोठा इन्व्हेरियंट संच म्हणजे हे समतोलबिंदू. पण त्यात ±π, म्हणजे उलटा उभा लोलकही आला. त्याला वगळायचं काम आधी निवडलेल्या क्षेत्राचं, आणि ही पायरी बरेच जण गाळतात. लासालच्या तत्त्वाला एक बंदिस्त, सीमित आणि मार्गांना बाहेर न सोडणारा संच लागतो. a = 10 घ्या आणि V ≤ 19 चा उगमाभोवतीचा तुकडा निवडा. "उगमाभोवतीचा" म्हणायला हवं, कारण कोसाइनमुळे हाच तुकडा दर 2π ला पुन्हा येतो. यात cos x1 ≥ −0.9, म्हणजे |x1| साधारण 2.69 रेडियनपर्यंत, जवळपास 154 अंश. वेग जास्तीत जास्त सुमारे 6.16. V वाढत नाही, म्हणून मार्ग आतच राहतात. ±π ला V = 20 असल्यामुळे ते बिंदू बाहेर पडले. आत इन्व्हेरियंट उरला फक्त उगम, आणि तत्त्व सांगतं की इथून सुटलेला प्रत्येक मार्ग त्याच्याकडेच जातो.

निष्कर्ष लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. V पॉझिटिव्ह डेफिनिट आणि V̇ ≤ 0, यातून स्थिरता आली, ती लायपुनोव्हची. मार्ग उगमाकडे ओढले जातात, हे लासालने दिलं. दोन्ही मिळून असिम्प्टोटिक स्थिरता. (बार्बाशिन आणि क्रासोव्हस्की यांचा 1952 चा निकाल नेमका हाच, लासालचं व्यापक रूप 1960 मधलं.)

हे चालतं कशामुळे, ते थोडक्यात. V घटत जातं आणि खालून अडलेलं आहे, म्हणून एका किमतीपाशी टेकतं. मार्ग सीमित आहे, म्हणून तो ज्या बिंदूंजवळ पुन्हा पुन्हा येतो त्यांचा संच रिकामा नसतो, आणि मार्ग त्या संचाकडे जातो. त्या संचावर V सगळीकडे सारखंच. शिवाय तो संच इन्व्हेरियंट असतो: त्यातल्या बिंदूपासून सुरू केलेला मार्ग त्यातच राहतो. V स्थिर म्हणजे V̇ = 0, म्हणजे हा संच E मध्ये बसलाच पाहिजे.

आता "नेहमी चालतं का?" समीकरण न सोडवता E बघून अंदाज बांधला की काय होतं, ते दाखवणारं माझं आवडतं उदाहरण सांगतो. m वस्तुमानाचे दोन ठोकळे, प्रत्येक आपापल्या स्प्रिंगने भिंतीला बांधलेला, आणि दोघांच्या मध्ये एकच डॅम्पर:

```
m x1'' = -k1 x1 - c (x1' - x2')
m x2'' = -k2 x2 + c (x1' - x2')
```

(इथे x1, x2 ही दोन ठोकळ्यांची स्थानं.) एकूण ऊर्जेसाठी V̇ = −c (x1' − x2')². E म्हणजे दोन्ही वेग सारखे. मार्ग E मध्येच राहतो असं धरा. डॅम्परचं बल शून्य झालं. वेग कायम सारखे, म्हणून त्वरणही सारखं, म्हणजे k1 x1 = k2 x2. आणखी एकदा डेरिव्हेटिव्ह घ्या: (k1 − k2) v = 0, जिथे v हा दोघांचा समान वेग.

k1 ≠ k2 असेल तर v = 0, दोघे जागच्या जागी, त्वरण शून्य, म्हणून x1 = x2 = 0. V सगळ्या दिशांनी अनंताकडे वाढतं, म्हणून इथे स्थिरता ग्लोबल.

k1 = k2 असेल तर शेवटची पायरी 0 = 0 म्हणते. अट फक्त x1 = x2 उरते, आणि दोन्ही ठोकळे हातात हात घालून कायम डोलू शकतात; डॅम्परला काही कळतच नाही. V तेच, V̇ तेच, E तेच, निकाल उलटा. सिम्युलेशनमध्ये k1 आणि k2 जवळजवळ सारखे ठेवलेत तर दोलन फार हळू मरताना दिसेल. सिद्धता तेव्हाही बरोबरच असते, कारण लासाल "किती वेगाने" हे सांगतच नाही. दर हवा असेल तर V मध्ये स्थान आणि वेग यांच्या गुणाकाराच्या योग्य छोट्या क्रॉस टर्म मिसळून V̇ निगेटिव्ह डेफिनिट करून घ्यावं लागतं.

तत्त्व खरंच लागू नसतं ते समीकरणात वेळ t थेट आली की. हे बघा:

```
x'' + (2 + e^t) x' + x = 0
```

V = (x² + x'²)/2 घेतलं तर V̇ = −(2 + e^t) x'². वरच्या कृतीने x' = 0, मग x'' = 0, मग x = 0, आणि वाटतं की झालं. पण x = 1 + e^(−t) हे उत्तर समीकरणात घालून बघा: e^(−t) − 2e^(−t) − 1 + 1 + e^(−t) = 0, तंतोतंत बसतं. डॅम्पिंग इतकं वाढत जातं की वस्तू उगमाला पोचण्याआधीच जखडली जाते. मोडतं ते "मार्ग ज्याकडे जातो तो संच इन्व्हेरियंट असतो" हे वाक्य, कारण आज (1, 0) पासून निघालेला मार्ग आणि तासाभराने तिथूनच निघालेला मार्ग आता वेगळे असतात. अशा ठिकाणी लोक बार्बालाटचं लेमा वापरतात. त्याच्या अटी बसल्या तरी त्यातून सहसा V̇ → 0 एवढंच मिळतं. या उदाहरणात तेही होतं: V̇ आणि वेग दोन्ही शून्याकडे जातात, आणि x मात्र 1 वर अडकून बसतो.